दर नव्या बॅचला जोडणीचे तास पुन्हा वर का जातात: लर्निंग कर्व्हचा हिशेब कुठे फसतो

तक्रारीचे स्वरूप

नवे उत्पादन हातात येते, पहिला नग जोडायला किती तास लागले ते मोजले जाते आणि ‘८० टक्क्यांचा लर्निंग कर्व्ह’ धरून पुढच्या बॅचेसचे कोटेशन दिले जाते. पहिली बॅच अंदाजापेक्षा बरीच महाग पडते, पण उत्पादन नवे असल्यामुळे त्याचे फारसे कुणाला वाटत नाही. दुसऱ्या बॅचला तास कमी होतात, मात्र अंदाजाइतके नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्या बॅचला तर तास जवळजवळ उतरतच नाहीत, आणि कागदावरचा वक्र मात्र खाली खालीच जात राहतो. अशा वेळी बैठकीत दोन निष्कर्ष हमखास निघतात: एक म्हणजे फिटर मन लावून काम करत नाहीत, आणि दुसरा म्हणजे लर्निंग कर्व्ह ही पुस्तकी गोष्ट आहे. हे दोन्ही निष्कर्ष सहसा चुकीचे असतात. फिटर शिकलेले असतात आणि वक्रही खरा असतो. चूक असते ती वक्र मांडण्यात आणि दोन बॅचेसमधला खंड हिशेबात न धरण्यात.

आमच्या जोडणी विभागात हाच प्रकार एका हायड्रॉलिक पॉवर पॅकच्या बाबतीत घडला. टाकीवर मोटर आणि पंप बसवायचे, कपलिंग एका रेषेत आणायचे, मॅनिफोल्ड लावायचा, पाइप वाकवून जोडायचे आणि शेवटी वायरिंग करायचे, असे ते काम होते. दोन फिटर, आठ नगांची बॅच आणि दोन बॅचेसमध्ये साधारण दहा आठवड्यांचा खंड, अशी त्याची मांडणी होती. पहिल्या नगाला ४० मनुष्यतास लागले. त्यावरून दिलेले कोटेशन आणि प्रत्यक्ष लागलेले तास असे होते:

| बॅच | कोटेशनमधील तास | प्रत्यक्ष तास |
|---|---|---|
| पहिली (नग १ ते ८) | १६४ | २१४ |
| दुसरी (९ ते १६) | ९८ | १७१ |
| तिसरी (१७ ते २४) | ८३ | १६६ |
| चौथी (२५ ते ३२) | ७४ | १६५ |

चार बॅचेस मिळून ४१९ तासांच्या जागी ७१६ तास लागले. या २९७ तासांच्या फरकाची फोड करायला घेतली तेव्हा त्यात एकमेकांशी संबंध नसलेली दोन कारणे निघाली, आणि त्यांपैकी मोठे कारण शॉपफ्लोअरवर नव्हतेच.

पहिली तपासणी: वक्र नेमका कशाचा आहे

‘८० टक्के’ हा शब्दप्रयोग दोन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो. थिओडोर राइट यांनी १९३६ मध्ये विमानांच्या उत्पादनखर्चावरील लेखात जे नाते मांडले, ते संचयी सरासरीचे आहे: एकूण नगांची संख्या दुप्पट झाली की पहिल्या नगापासून आतापर्यंतच्या सर्व नगांची सरासरी ८० टक्क्यांवर येते. पुढे क्रॉफर्ड यांच्या नावाने रूढ झालेल्या दुसऱ्या मांडणीत हेच नाते एकट्या नगाला लावतात: आठव्या नगाचे तास चौथ्या नगाच्या ८० टक्के, सोळाव्याचे आठव्याच्या ८० टक्के. सूत्राचा साचा दोन्हीकडे सारखाच आहे, आणि गोंधळ होतो तो त्यामुळेच.

```
b  = ln(0.80) / ln(2) = -0.3219
Tn = T1 * n^b
```

राइट यांच्या मांडणीत `Tn` म्हणजे n नगांची सरासरी, तर क्रॉफर्ड यांच्या मांडणीत n-वा नग. दोन नगांवरच फरक दिसतो. पहिला नग ४० तासांचा असेल, तर संचयी सरासरीच्या मांडणीत दोन नगांची सरासरी ३२ तास, म्हणजे एकूण ६४ तास येतात. याचा अर्थ दुसरा नग २४ तासांत झाला पाहिजे. नगनिहाय मांडणीत दुसरा नग ३२ तासांचा आणि दोन्ही मिळून ७२ तास. आठ नगांपर्यंत हा फरक १६४ विरुद्ध २१४ असा वाढतो, आणि आमच्या पहिल्या बॅचचे प्रत्यक्ष तास २१४ होते हे वरच्या तक्त्यात दिसतेच.

म्हणजे पहिल्या बॅचला कुणाचेही काही चुकले नव्हते. नगनिहाय नोंदींवरून ठरलेला ८० टक्के हा आकडा कुणीतरी संचयी सरासरीच्या तयार कोष्टकात घातला होता. कोष्टकाच्या वरच्या ओळीत ते कोणत्या मांडणीचे आहे हे लिहिलेले असते, पण ते कोष्टक एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये उतरवताना बहुधा पहिली गळते ती तीच ओळ.

हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. पहिल्या बॅचच्या एकूण तासांना पहिल्या नगाच्या तासांनी भागावे. आठ नगांच्या बॅचला आणि ८० टक्क्यांच्या वक्राला हा भागाकार ४.१ च्या आसपास आला, तर तुमच्या नोंदी संचयी सरासरीच्या मांडणीशी जुळतात. तो ५.३५ च्या आसपास आला, तर नगनिहाय मांडणीशी जुळतात. आमचा भागाकार २१४ भागिले ४०, म्हणजे ५.३५ होता. यात एक सावधगिरी बाळगावी लागते. पहिल्या नगाच्या तासांत सुटे भाग न आल्यामुळे गेलेला वेळ किंवा ड्रॉइंगमधील चूक शोधण्यात गेलेला वेळ मिसळला असेल, तर छेदच फुगतो आणि भागाकार फसवा होतो. म्हणून पहिल्या नगाच्या आकड्यावर एकट्यावर भिस्त न ठेवता दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या नगाचे तास त्याच्या ८०, ६४ आणि ५१ टक्क्यांच्या जवळ बसतात का, हेही पाहावे. आमच्याकडे चढउतार सरळ केल्यावर पहिल्या बॅचचे आकडे ४०, ३२, २८, २५.६ असे उतरत आठव्या नगाला २०.५ तासांवर आले होते.

एकूण २९७ तासांपैकी १६८ तास या एका गफलतीत सापडले. नगनिहाय मांडणी वापरली असती, तर चार बॅचेसचे कोटेशन २१४, १४३, १२१ आणि १०९, म्हणजे एकूण ५८७ तासांचे झाले असते.

दुसरी तपासणी: बॅचच्या शिवेवर काय होते

तरीही १२९ तास उरतातच, आणि तक्रार परत परत उगवते ती याच उरलेल्या भागातून. तो भाग बॅचच्या एकूण आकड्यांत दिसत नाही. त्यासाठी नगनिहाय जॉब कार्डे काढून प्रत्येक बॅचचा शेवटचा नग आणि पुढच्या बॅचचा पहिला नग शेजारी शेजारी ठेवावे लागतात. आमच्याकडे पहिली बॅच २०.५ तासांवर संपली आणि दुसरी २५.६ तासांवर सुरू झाली. दुसरी १८.५ वर संपली आणि तिसरी २४.४ वर सुरू झाली. तिसरी १८.१ वर संपली आणि चौथी २४.१ वर सुरू झाली. आलेखावर हा वक्र दिसतच नाही, करवतीचे दाते दिसतात.

खंड पडला नसता, तर नववा नग १९.७ तासांत व्हायला हवा होता. तो २५.६ तासांत झाला, आणि पहिल्या बॅचमध्ये २५.६ तास हा चौथ्या नगाचा आकडा होता. दुसऱ्या शब्दांत, दहा आठवड्यांच्या खंडाने आम्हाला नवव्या पायरीवरून चौथ्या पायरीवर आणून सोडले. पहिल्या नगापासून नवव्यापर्यंत एकूण २०.३ तासांची बचत कमावली होती, त्यातली ५.९ तासांची बचत गेली. विसर २९ टक्के झाला. हा आकडा काढायची रीत अशी:

```
विसर = (प्रत्यक्ष पहिला नग - खंडाशिवाय अपेक्षित) / (T1 - खंडाशिवाय अपेक्षित)
     = (25.6 - 19.7) / (40 - 19.7) = 0.29
```

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवली पाहिजे. मागे गेल्यानंतर उतार तोच राहतो. चौथ्या पायरीवरून सुरू झालेली दुसरी बॅच पुढे पाचव्या, सहाव्या पायरीच्याच वेगाने उतरत गेली आणि अकराव्या पायरीवर संपली. फिटर पुन्हा शिकत होते आणि पहिल्याइतक्याच झपाट्याने शिकत होते. ‘लोक शिकत नाहीत’ हे विधान खोडून काढायला एवढा पुरावा पुरेसा होता.

तिसऱ्या बॅचनंतर तास उतरायचे का थांबतात

आता चौथ्या बॅचचे कोडे सुटते. तिसरी बॅच सुरू होताना आम्ही हिशेबाने बाराव्या पायरीवर असायला हवे होतो. तिथून पुन्हा २९ टक्के विसर वजा केला की सुरुवात साधारण पावणेपाचव्या पायरीवर येते. चौथ्या बॅचच्या वेळी ती ४.८ वर येते. पुढे कितीही बॅचेस काढल्या, तरी सुरुवात पाचव्या पायरीच्या आसपासच अडकून राहते, कारण आठ नगांत जेवढे वर चढता येते तेवढेच खंडात खाली घसरायला होते. चढणे आणि घसरणे इथे समसमान होतात आणि दर बॅचला १६५ च्या आसपास तास लागत राहतात.

बाहेरून पाहणाऱ्याला यात शिकण्याची मर्यादा आल्यासारखे दिसते. ‘आता यापेक्षा वेळ कमी होणार नाही’ असे ठरवून १६५ तास हा प्रमाणवेळ म्हणून मंजूर होतो, आणि एकदा का तो मंजूर झाला, की करवतीचे दाते कुणी पाहत नाही. खरी मर्यादा आलेली असेल, तर बॅचच्या आतही तास सपाट दिसतात: पहिला नग आणि आठवा नग जवळपास सारखे. बॅचच्या आत २४ वरून १८ पर्यंत उतार असेल आणि बॅचच्या एकूण आकड्यात उतार नसेल, तर ती मर्यादा नव्हे, तो विसर आहे. निदानातली ही खूण मला सर्वांत भरवशाची वाटते.

एक अर्धवट दुरुस्ती, जी टाळावी

नगनिहाय नोंदी नसल्या की बहुतेक जण बॅचच्या सरासऱ्यांवरून नवा वक्र बसवतात. त्यासाठी प्रत्येक बॅचची सरासरी तिच्या मध्यबिंदूवर ठेवावी लागते, आणि हा मध्यबिंदू साध्या सरासरीने काढला तर पहिल्या बॅचला चुकतो, कारण तिथे वक्र फार वेगाने उतरत असतो. F हा बॅचचा पहिला आणि L हा शेवटचा नगक्रमांक धरून पुढील सूत्र जवळपास अचूक उत्तर देते:

```
मध्यबिंदू = (F + L + 2*sqrt(F*L)) / 4
```

पहिल्या बॅचला ते ३.७ येते (साधी सरासरी ४.५ आली असती) आणि दुसऱ्या बॅचला १२.२५. आमच्या सरासऱ्या २६.७ आणि २१.४ तास या बिंदूंवर ठेवल्या, की उतार ८८ टक्क्यांचा निघतो. मग ‘आमचे काम ८० चे नाही, ८८ चे आहे’ असे म्हणून तो आकडा वापरला जातो. गणितात चूक काहीच नाही, पण एका आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी कालवल्या गेल्या आहेत. तिसऱ्या बॅचला हा वक्र १५६ तास सांगतो, प्रत्यक्षात १६६ लागतात. चौथीला १४७ सांगतो, लागतात १६५. चूक दर बॅचला वाढत जाते, कारण वक्र उतरत राहतो आणि करवत उतरत नाही. उलट, दुसऱ्या बॅचला लागूनच खंड न पाडता आणखी आठ नगांची मागणी आली असती, तर ते १३३ तासांत झाले असते. १५६ तासांचे कोटेशन देऊन ती मागणी कदाचित हातची घालवली असती.

म्हणून उतार आणि विसर हे दोन आकडे वेगळे ठेवावेत. उतार बॅचच्या आतल्या नगांवरून काढावा आणि विसर बॅचच्या शिवेवरून. बॅचच्या एकूण आकड्यांतून हे दोन्ही एकदम काढता येत नाहीत, त्यामुळे जॉब कार्ड नगनिहाय नसेल, तर आधी ते तसे करून घ्यावे. सगळ्या नगांची नोंद जमत नसेल, तर निदान पहिल्या आणि शेवटच्या नगाची वेगळी ठेवावी.

शिकण्यासारखे काय आणि न शिकण्यासारखे काय

वरच्या सर्व आकड्यांत फ्लशिंग आणि प्रेशर टेस्टचे दर नगामागचे ५ तास मी मुद्दाम धरलेले नाहीत. तेल ठरलेल्या वेळापर्यंत फिरवावेच लागते आणि दाब ठरलेली मिनिटे टिकवावाच लागतो. बत्तिसाव्या नगालाही त्यात मिनिटभर वाचत नाही. हे ५ तास ४० मध्ये मिसळून ४५ तासांवर ८० टक्क्यांचा वक्र लावला, तर खंड नसतानाही बत्तिसावा नग १४.७ तासांत होईल असे कागद सांगतो. वेगळे ठेवल्यास १३.१ अधिक ५, म्हणजे १८.१ तास निघतात. यंत्राच्या गतीने चालणारा वाटा जितका मोठा, तितका एकत्रित वक्र सपाट होतो, आणि सुरुवातीच्या नगांवरून ते लक्षातही येत नाही.

खर्चाच्या बाबतीत हीच चूक आणखी मोठ्या प्रमाणावर होते. वक्र जोडणीच्या मनुष्यतासांचा असतो, पण तो संपूर्ण नगाच्या किमतीला लावला जातो. आमच्याकडे दर नगाचे तास पहिल्या बॅचच्या २६.७ वरून चौथ्या बॅचला २०.६ वर आले, म्हणजे २३ टक्के घट झाली. नगाच्या एकूण खर्चात जोडणीच्या मजुरीचा वाटा ३० टक्के असेल, तर एकूण खर्च फक्त ७ टक्क्यांनी उतरतो. पंप, मोटर आणि व्हॉल्व्हच्या किमती फिटर शिकला म्हणून कमी होत नाहीत. मोठ्या मागणीत त्यांवर सूट मिळेलही, पण तो खरेदीचा वेगळा हिशेब आहे. शिवाय कारखान्याचा वरखर्च जोडणीच्या तासांवर आकारत असाल, तर तास घटल्यावर वरखर्चही कागदावर घटतो आणि प्रत्यक्षात घटत नाही, याचे भान कोटेशन देणाऱ्याने ठेवावे.

विसर नेमका कुठे होतो ते शोधणे

खंडानंतरच्या विसराचा विचार करताना जॉर्ज अँडरलोर यांनी १९६९ मध्ये मांडलेली पाच सदरे अजूनही उपयोगी पडतात: कामगारांचे शिकणे, पर्यवेक्षकांचे शिकणे, उत्पादनाचे सातत्य, कामाच्या पद्धती आणि खास हत्यारे. प्रत्येक सदराला वजन द्यायचे, त्यातले किती टक्के शिल्लक राहिले ते ठरवायचे आणि बेरीज करायची, अशी ती पद्धत आहे. बेरजेचा आकडा बराचसा अंदाजानेच ठरतो, त्यामुळे मी त्याला फार महत्त्व देत नाही. मोजलेला २९ टक्के आकडा असताना अंदाजाच्या बेरजेची गरजही नाही. पण कुठे पाहायचे, हे ही सदरे चांगले सांगतात.

आमच्याकडे फिटर तेच होते आणि सुपरवायझरही तोच होता, त्यामुळे माणसांच्या सदरात फारसे काही जायला नको होते. म्हणून चौथ्या बॅचच्या पहिल्या नगाला मी घड्याळ घेऊन शेजारी उभा राहिलो आणि टप्प्याटप्प्याने वेळ लिहिला. टाकी, मोटर आणि कपलिंग यांना मागच्या बॅचच्या शेवटच्या नगाइतकाच वेळ लागला. हाताला सवय होती. वायरिंगला थोडा जास्त लागला. बराचसा जादा वेळ गेला तो पाइप वाकवण्यात आणि बसवण्यात.

दाब वाहून नेणारा पाइप मॅनिफोल्डच्या मागून दोन वळणे घेऊन फिल्टरकडे जातो. फिटरने तो वाकवला, बसवून पाहिला, दुसरे वळण टाकीच्या झाकणाला घासत होते. त्याने पाइप काढला, बाजूला ठेवला आणि नवा तुकडा कापला. दुसरा पाइप नटपर्यंत पोचला, पण बोटभर कमी पडला. तिसरा बसला. ‘मागच्या वेळी बेंडरवर खडूने खुणा केल्या होत्या, साफसफाईत पुसल्या गेल्या,’ असे तो म्हणाला. दोन बॅचेसच्या मध्ये तोच बेंडर दुसऱ्या कामाला लागलेला होता, आणि आठ नगांत कमावलेली मापे त्या खडूच्या खुणांत होती. ती ड्रॉइंगमध्ये नव्हती, कारण ड्रॉइंगमध्ये पाइपची टोके दाखवलेली होती, वळणांमधली अंतरे नव्हती.

उपाय आणि त्याचा परिणाम

पाचव्या बॅचच्या आधी आम्ही तीन गोष्टी केल्या. चौथ्या बॅचच्या शेवटच्या नगावरचे पाइप काढून त्यांची प्रत्यक्ष मापे घेतली आणि प्रत्येक पाइपची कापलेली लांबी, वळणांमधली अंतरे, कोन आणि वळवण्याची दिशा एका तक्त्यावर लिहिली. प्रत्येक पाइपचा एक नमुना रंगवून, क्रमांक टाकून फळीवर टांगला, म्हणजे नवा पाइप बसवण्याआधी त्याच्याशी ताडून पाहता येईल. आणि पाइप कोणत्या क्रमाने बसवायचे तो क्रम फिटरकडूनच विचारून लिहून घेतला, कारण क्रम चुकला की आधी बसलेला पाइप सैल करावा लागतो.

पाचवी बॅच पुन्हा दहा आठवड्यांच्या खंडानंतर सुरू झाली. पहिला नग २४ च्या आसपास न जाता २०.३ तासांत झाला, म्हणजे विसर २९ वरून १२ टक्क्यांवर आला. सुरुवात पाचव्या पायरीऐवजी आठव्या पायरीवर झाली आणि बॅच १४७ तासांत संपली. दर बॅचला १८ तास वाचले. उरलेला १२ टक्के विसर हाताचा आणि नजरेचा आहे. तो तक्ता लिहून जात नाही.

दुसरा मार्ग नियोजनाच्या हातात होता. तिसरी आणि चौथी बॅच जोडून सोळा नग एकदम काढले असते, तर ३३१ ऐवजी २९७ तास लागले असते, कारण एक खंड वाचला असता. मात्र आठ तयार पॉवर पॅक दहा आठवडे पडून राहिले असते आणि त्यांत अडकलेला पैसा वाचलेल्या ३४ तासांपेक्षा महाग पडला असता, असा आमचा हिशेब निघाला. महागड्या खरेदी भागांच्या उत्पादनात बॅच मोठी करणे क्वचितच परवडते. मजुरीचा वाटा मोठा आणि माल स्वस्त असेल, तर हाच हिशेब उलटा बसू शकतो.

डिझाइन बदलले, तर फक्त बदललेल्या भागाचे तास पहिल्या पायरीवर न्यावेत आणि बाकीचे होते तिथेच ठेवावेत. संपूर्ण नग पुन्हा नवा धरणे आणि काहीच बदलले नाही असे धरणे, या दोन्ही टोकांना कोटेशन चुकते. फिटर बदलला असेल, तर सुरुवात बरीच खाली जाते, पण अगदी पहिल्या पायरीवर जात नाही, कारण तक्ते, नमुने आणि सुपरवायझर जागेवर असतात.

पुढच्या बॅचला काय करावे

कोटेशन देताना आम्ही आता मागच्या बॅचच्या शेवटच्या पायरीवरून मोजलेला विसर वजा करून सुरुवातीची पायरी काढतो आणि तिथून पुढच्या आठ पायऱ्यांची बेरीज करतो. कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये एका पायरीचे तास असे निघतात. इथे आठव्या पायरीचे उदाहरण घेतले आहे आणि उत्तर २०.४८ येते:

```
=40*8^(LN(0.8)/LN(2))
```

खंड दहा आठवड्यांहून बराच लांबला, तर १२ टक्के हा आकडा चालणार नाही, कारण तो त्याच खंडासाठी मोजलेला आहे. अशा वेळी बॅचचा पहिला नग होताच हिशेब दुरुस्त करावा. सहावी बॅच पाचवीपेक्षा बऱ्याच उशिरा लागली आणि पहिल्या नगाला २३ तास लागले. वक्रावर २३ तास म्हणजे साडेपाचव्या पायरीच्या किंचित पुढे. तिथून आठ पायऱ्यांची बेरीज १६० तास येते. पहिल्या नगाचे जॉब कार्ड बंद झाले त्याच दिवशी नियोजन विभागाला १४७ ऐवजी १६० तास धरायला सांगितले, आणि शेवटच्या दोन नगांची पाठवणी त्यानुसार पुढे ढकलली.